निसर्गात नसलेली रेघ

समोर टेबलावर एक पुस्तक ठेवा आणि पेन्सिलीने त्याचे चित्र काढा. तुम्ही सर्वांत आधी काय कराल? पुस्तकाच्या कडेने एक काळी रेघ ओढाल. आता पेन्सिल खाली ठेवून पुस्तकाकडे नीट पाहा. ती काळी रेघ पुस्तकावर कोठे आहे? कोठेच नाही! पुस्तकाचा निळा रंग संपतो आणि त्याला लागून टेबलाचा तपकिरी रंग सुरू होतो. मध्ये रेघ अशी नाहीच. ती आपण आपल्या पदरची घातली. तरीही चित्र पाहणाऱ्याला ती खटकत नाही. उलट तिच्यामुळेच पुस्तक ओळखू येते.

मग ही रेघ आपण नेमकी कोठे घालतो? स्थिरचित्राचा सराव केलेल्यांना हे हाताने येते, पण शब्दांत सांगा म्हटले तर जरा विचार करावा लागेल. रेघ दोनच प्रकारच्या जागी येते. पहिली जागा म्हणजे जेथे पुढची वस्तू संपते आणि नजर एकदम मागच्या वस्तूवर जाऊन पडते. दुसरी जागा म्हणजे जेथे पृष्ठभाग तुटत नाही, पण वळतो. उदाहरणार्थ, खोक्याचे झाकण आणि त्याची बाजू जेथे मिळतात ती कड. पहिल्या जागी अंतर उडी मारते, दुसऱ्या जागी दिशा उडी मारते. हे एवढे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा पाठ त्यावर उभा आहे.

संगणकाच्या खेळांत आणि चलच्चित्रांत कधी कधी दृश्य हाताने रेखाटल्यासारखे दिसते. प्रत्येक वस्तूभोवती शाईची रेघ असते. ही रेघ बहुतेक वेळा वस्तूबरोबर काढलेली नसते. आधी संपूर्ण चित्र रंगवून होते आणि मग त्या तयार चित्रावर एक शेवटचा हात फिरवून रेघा उमटवल्या जातात. संगणकाला त्या दोन जागा कशा सापडतात आणि रेघ किती जाड ठेवायची हे तो कसे ठरवतो, ते आता पाहू.

दोन वह्या

छायाचित्रात कडा शोधण्याचे काम जुने आहे. लॉरेन्स रॉबर्ट्स या अमेरिकन संशोधकाने १९६३ साली आपल्या प्रबंधात शेजारच्या बिंदूंच्या उजळपणातील फरकावरून ठोकळ्यांच्या कडा शोधून दाखवल्या. पण उजळपणा फसवा असतो. भिंतीवर झाडाची सावली पडली तर सावलीच्या काठावर उजळपणा बदलतो, पण तेथे भिंतीची कड नसते. उलट पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी टाकी असेल तर कड असूनही उजळपणा फारसा बदलत नाही.

संगणक जेव्हा स्वतःच दृश्य तयार करतो, तेव्हा त्याची ही अडचण नसते. कोणती वस्तू कोठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. १९९० साली ताकाफुमी साइतो आणि तोकिइचिरो ताकाहाशी या जपानी संशोधकांनी याचाच उपयोग केला. पडद्यावरचे चित्र हजारो बारीक चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलांचे, बनलेले असते. प्रत्येक बिंदूचा रंग तर लिहायचाच, पण त्याबरोबर त्या बिंदूत दिसणाऱ्या पृष्ठभागाची भौमितिक माहितीही लिहून ठेवायची, असे त्यांनी सुचवले. रेघा मग रंगावरून न शोधता या माहितीवरून शोधायच्या.

आपल्याला अशा दोन वह्या लागतील असे समजू. पहिल्या वहीत प्रत्येक बिंदूपुढे अंतर लिहिलेले आहे, म्हणजे त्या बिंदूत दिसणारी वस्तू नजरेच्या रोखाने किती मीटर लांब आहे ते. या अंतराला आपण z म्हणू. दुसऱ्या वहीत स्तंभिकेची दिशा आहे. प्रकाशाच्या परावर्तनात तुम्ही आरशाला लंब असलेली स्तंभिका काढता, तीच ही. ती पृष्ठभागाचे तोंड कोणीकडे आहे ते सांगते. जमिनीची स्तंभिका सरळ वर, तर समोरच्या भिंतीची आपल्याकडे.

एक मैदान आणि एक काळा पट्टा

एक दृश्य घेऊ. तुम्ही सपाट मैदानावर उभे आहात आणि तुमचे डोळे जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहेत. डाव्या हाताला १० मीटरवर पाण्याची चौकोनी टाकी आहे आणि तिच्यामागे अर्ध्या मीटरवर शाळेची भिंत. उजव्या हाताला मैदान क्षितिजापर्यंत मोकळे आहे आणि त्यात विजेच्या खांबांची ओळ दूरवर गेली आहे. चित्राचे माप असे धरू की एक मीटर अंतरावर आडवी धरलेली एक मीटरची काठी पडद्यावर १००० बिंदू लांब दिसते. तीच काठी १० मीटरवर १०० बिंदू दिसेल आणि १०० मीटरवर १० बिंदू.

आता सर्वांत सोपा नियम करून पाहू : शेजारच्या दोन बिंदूंच्या अंतरांत ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तेथे रेघ काढायची. टाकी १० मीटरवर, भिंत १०.५ मीटरवर. फरक ५० सेंटिमीटर. टाकीभोवती सुरेख रेघ येते. सारे ठीक दिसते.

काही विद्यार्थ्यांबरोबर मी हा प्रयोग प्रथम केला तेव्हा आमचाही असाच समज झाला होता. पण चित्र पडद्यावर आले तेव्हा टाकीची रेघ बरोबर आणि क्षितिजाखाली मात्र दौत सांडल्यासारखा काळाकुट्ट पट्टा! कार्यक्रम लिहिताना काही चूक झाली असेल म्हणून आम्ही ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. संगणकाने आम्ही सांगितले तेच केले होते. चूक नियमात होती.

ती गणिताने पाहू. क्षितिजाच्या y बिंदू खाली जमिनीचा जो भाग दिसतो, त्याचे अंतर समरूप त्रिकोणांवरून z = १५००/y इतके येते. १५०० ही संख्या म्हणजे १००० गुणिले डोळ्यांची उंची १.५. क्षितिजाच्या १५० बिंदू खाली जमीन १० मीटरवर आहे. १५१ बिंदू खाली ९.९३ मीटरवर. शेजारच्या बिंदूंत फरक अवघा ७ सेंटिमीटर. आता क्षितिजाजवळ जा. १५ बिंदू खाली जमीन १०० मीटरवर, १६ बिंदू खाली ९३.७५ मीटरवर. फरक ६.२५ मीटर! जमीन तीच, सपाट, कोठेही तुटलेली नाही. पण आपण तिच्याकडे तिरके पाहतो म्हणून एका बिंदूच्या पावलात सव्वासहा मीटर जमीन मागे पडते.

कोणत्या ओळीपासून फरक ३० सेंटिमीटरच्या वर जातो? ७१ बिंदू खाली अंतर २१.१३ मीटर आणि ७० बिंदू खाली २१.४३ मीटर. म्हणजे तेथून वर क्षितिजापर्यंतच्या सगळ्या, सुमारे ७० ओळी काळ्या. आमचा काळा पट्टा तो हाच. मर्यादा ३० सेंटिमीटरऐवजी ७ मीटर केली तर पट्टा बराच कमी होतो, पण मग टाकीची रेघही नाहीशी होते. एकच मर्यादा दोन्हींना पुरत नाही.

अंतराचा व्यस्त घ्या

यातून सुटण्याची वाट एका जुन्या भौमितिक गुणधर्मात आहे. z ऐवजी १/z कडे पाहा. मैदानावर z = १५००/y होते, म्हणून १/z = y/१५००. हे तर सरळ रेषेचे समीकरण! प्रत्येक ओळीला १/z सारख्याच पायरीने वाढतो. आणि हे फक्त जमिनीपुरते खरे नाही. कोणत्याही सपाट पृष्ठभागाचे समीकरण ax + by + cz = d असे असते. पडद्यावरचा बिंदू X = १०००x/z, Y = १०००y/z असा मिळतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना z ने भागा :

a(X/१०००) + b(Y/१०००) + c = d(१/z)

म्हणजे पृष्ठभाग सपाट असेल, तर तो कितीही तिरका असो, पडद्यावर १/z समान पायऱ्यांनीच बदलतो.

पायऱ्या समान आहेत की नाही हे पाहण्यासाठी तीन लागोपाठचे बिंदू घ्यायचे : डावा, मधला, उजवा. डावा अधिक उजवा वजा दुप्पट मधला. याला आपण दुसरा फरक म्हणू. पायऱ्या समान असतील तर तो शून्य येतो. मैदानावर क्षितिजाखाली १५, १६ आणि १७ बिंदूंवर १/z अनुक्रमे १५/१५००, १६/१५०० आणि १७/१५०० आहे. १५ + १७ − ३२ = ०. सव्वासहा मीटरच्या उड्या मारणारी जमीन एकदम गप्प झाली. काळा पट्टा गेला.

आता टाकीची कड पाहा. एका ओळीत दोन बिंदू टाकीचे आणि पुढचे दोन भिंतीचे घेऊ. त्यांचे १/z असे : ०.१०००, ०.१०००, ०.०९५२, ०.०९५२. दुसऱ्या बिंदूवर दुसरा फरक ०.१००० + ०.०९५२ − ०.२००० = −०.००४८. याला त्या बिंदूच्या अंतराने, म्हणजे १० ने, गुणले की −०.०४८ येते. गुणायचे कशासाठी? गुणल्यावर उत्तर प्रमाणात मिळते : मागची वस्तू पुढचीपेक्षा अंदाजे ५ टक्के लांब आहे. आता मर्यादा मीटरमध्ये न ठेवता टक्क्यांत ठेवता येते. २ टक्के ठेवू. टाकी जवळ असताना अर्ध्या मीटरच्या फटीला रेघ येईल, पण तीच टाकी आणि भिंत १०० मीटर दूर असती तर ती फट अर्ध्या टक्क्याची झाली असती आणि रेघ आली नसती. चित्रकारही हेच करतो. दूरच्या वस्तूंमधल्या लहानसहान फटी तो सोडून देतो.

तिसऱ्या बिंदूवर, म्हणजे भिंतीच्या पहिल्या बिंदूवर, दुसरा फरक काढा. तो +०.००४८ येतो. आकडा तोच, चिन्ह उलट. हे चिन्ह फार उपयोगी आहे. ऋण चिन्ह म्हणजे ‘मी पुढच्या वस्तूचा बिंदू आहे’. धन चिन्ह म्हणजे ‘मी मागचा’. रेघ पुढच्या वस्तूची असते. तेव्हा फक्त ऋण चिन्हाचे बिंदू धरायचे. त्यांना आपण बीजबिंदू म्हणू. संगणकाला हे असे सांगतात :

```glsl
float c = 1.0 / z(p);
float l = 1.0 / z(p - dx);
float r = 1.0 / z(p + dx);
float e = (l + r - 2.0 * c) / c;
bool seed = e < -0.02;
```

येथे `p` हा मधला बिंदू आणि `dx` हे शेजारच्या बिंदूपर्यंतचे पाऊल. `c` ने भागणे म्हणजे z ने गुणणेच. हीच तपासणी उभ्या दिशेतही करायची.

स्तंभिका कोठे लागते?

अंतराची वही एवढी हुशार असेल तर दुसरी वही कशाला? भिंत जेथे जमिनीला टेकते ती जागा तपासा. तेथे अंतर तुटत नाही. भिंतीवर १/z ची पायरी शून्य, जमिनीवर १/१५००. म्हणजे दुसरा फरक १/१५००, आणि त्याला १०.५ ने गुणले की जेमतेम ०.००७. आपल्या ०.०२ या मर्यादेच्या बराच आत. रेघ येणार नाही आणि भिंत जमिनीत विरघळल्यासारखी दिसेल.

येथे स्तंभिका विचारायच्या. जमिनीची वर, भिंतीची आपल्याकडे. दोघींमध्ये ९० अंशांचा कोन. ३० अंशांहून जास्त कोन असेल तर रेघ काढायची असा नियम केला की कड लगेच सापडते. उलट टाकीची समोरची बाजू आणि तिच्यामागची भिंत या दोघींची तोंडे एकाच दिशेला आहेत. त्यांच्या स्तंभिकांमधला कोन शून्य. तेथे स्तंभिकेची वही आंधळी आहे आणि अंतराची वही डोळस. म्हणून दोन्ही वह्या लागतात.

दोन गोष्टी सांभाळायच्या. स्तंभिकांची तुलना प्रत्येक बिंदूने फक्त उजव्या आणि खालच्या शेजाऱ्याशी करावी. नाहीतर कडेच्या दोन्ही बाजूंचे बिंदू बीज होतात आणि रेघ दुहेरी येते. दुसरे असे, की जेथे अंतराच्या कसोटीने मर्यादा ओलांडली, मग चिन्ह धन असो वा ऋण, तेथे स्तंभिकेला विचारूच नये. नाहीतर मागच्या वस्तूचा बिंदूही बीज ठरतो आणि चिन्हाचा सगळा फायदा वाया जातो.

रेघ किती जाड?

आता विजेच्या खांबांकडे वळू. खांब २० सेंटिमीटर रुंद आहे. १० मीटरवर तो पडद्यावर २० बिंदू रुंद दिसतो, १०० मीटरवर २ बिंदू. समजा, आपण सगळीकडे ४ बिंदू जाडीची रेघ खांबाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून काढली. जवळचा खांब २० बिंदू आणि त्याला शाई ८ बिंदू : छान. दूरचा खांब २ बिंदू आणि त्यालाही शाई ८ बिंदू! खांबाच्या चौपट शाई. त्याच्याही पलीकडचे खांब एकमेकांच्या शाईत बुडून एक काळा डाग होतात. जाड बोरूने दूरचे गाव रेखाटायला बसावे तशी ही गत.

तेव्हा रेघही वस्तूसारखीच दूर जाताना बारीक व्हायला हवी. असे समजा की खांबाच्या कडेला खरोखरच २ सेंटिमीटर रुंदीची काळी पट्टी रंगवलेली आहे. ती पडद्यावर १००० × ०.०२ / z, म्हणजे २०/z बिंदू जाड दिसेल.

| अंतर (मीटर) | २०/z (बिंदू) | काढायची रेघ |
|---|---|---|
| २ | १० | ५ बिंदू, पूर्ण काळी |
| ४ | ५ | ५ बिंदू, पूर्ण काळी |
| १० | २ | २ बिंदू, पूर्ण काळी |
| २० | १ | १ बिंदू, पूर्ण काळी |
| ४० | ०.५ | १ बिंदू, अर्धी शाई |
| १०० | ०.२ | १ बिंदू, पाचवा हिस्सा शाई |

शेवटचा रकाना दोन्ही टोकांना दुसऱ्या रकान्याहून वेगळा का? अगदी जवळ रेघ फार जाड होऊन वस्तूच झाकते, म्हणून ५ बिंदूंवर लगाम घातला. दूरच्या टोकाला अडचण निराळी आहे. अर्धा बिंदू काढता येत नाही. एक बिंदूहून बारीक रेघ काढायचीच नाही असे ठरवले, तर २० मीटरपुढे सगळ्या रेघा एकदम गायब होतात, आणि खांब २० मीटरच्या सीमेवर पुढेमागे होताना रेघ लुकलुकते. म्हणून जाडी एक बिंदूच ठेवायची आणि शाई पातळ करायची. अर्ध्या बिंदूची काळी रेघ आणि एका बिंदूची निम्म्या शाईची रेघ यांत लांबून पाहणाऱ्या डोळ्याला फारसा फरक वाटत नाही. दोन्हींत एकूण शाई सारखीच आहे.

या सूत्राचा आणखी एक फायदा असा. तेच दृश्य दुप्पट बारीक बिंदूंच्या पडद्यावर दाखवले तर सूत्रातील १००० चे २००० होतात आणि रेघेचे बिंदू आपोआप दुप्पट होतात. चित्र सारखेच दिसते. बिंदूंत ठरवून दिलेली ४ ची रेघ मात्र त्या पडद्यावर निम्मी बारीक दिसली असती.

अंतर कोणाचे धरायचे?

सूत्रात z आहे. पण रेघेच्या एका बाजूला खांब आहे, दुसऱ्या बाजूला दूरचा डोंगर. कोणाचे z घालायचे? प्रश्न साधा वाटतो, पण बऱ्याच जणांची येथेच फसगत होते.

समजा, खांब ४ मीटरवर आहे. त्याची रेघ ५ बिंदूंची हवी. आता प्रत्येक बिंदूने आपापल्या अंतरावरून जाडी ठरवली तर काय होईल? खांबाच्या लगेच बाहेरच्या बिंदूत २००० मीटरवरचा डोंगर दिसतो. तो म्हणेल, ‘माझी जाडी २०/२०००, म्हणजे ०.०१ बिंदू’, आणि गप्प बसेल. रेघेचा बाहेरचा भाग उमटणारच नाही. त्याच खांबाचा खालचा भाग जेथे जवळच्या जमिनीपुढे येतो, तेथे मात्र बाहेरचा बिंदूही बरीच शाई घेईल. परिणाम असा की एकाच खांबाची रेघ खाली जाड आणि वर बारीक. तुमच्या चित्रात पार्श्वभूमी बदलली की रेघेची जाडी बदलत असेल, तर दोष हाच आहे असे खुशाल समजा.

उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत फक्त बीजबिंदू शोधायचे. ते ऋण चिन्हाचे, म्हणजे नेहमी पुढच्या वस्तूचे असतात हे आपण पाहिलेच. दुसऱ्या फेरीत प्रत्येक बिंदूने आपले अंतर विसरून शेजाऱ्यांना विचारायचे : ‘तुमच्यापैकी कोणी बीज आहे काय? असल्यास तुमच्या अंतरावरून तुमची रेघ माझ्यापर्यंत पोहोचते काय?’ जाडीला ५ चा लगाम आहे, म्हणून बीजाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बिंदूंपलीकडे रेघ जातच नाही. तेव्हा स्वतःसह ५ × ५ = २५ बिंदूंना विचारले की काम झाले. लगाम नसता तर शेकडो बिंदूंची दारे ठोठवावी लागली असती आणि चित्र हलते ठेवणे कठीण झाले असते.

जाडी २ असेल तर? बीजबिंदू पूर्ण काळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या एकेका बिंदूला अर्धी-अर्धी शाई. बेरीज बरोबर २. त्यामुळे खांब हळूहळू दूर जाताना रेघ ५ वरून ४ वर, ४ वरून ३ वर अशा धक्क्यांनी न उतरता सावकाश बारीक होते.

एक पथ्य मात्र पाळायचे. शाई देणारे बीज आपल्यापेक्षा मागे असेल तर तिची शाई घ्यायची नाही. नाहीतर मागच्या भिंतीच्या कडेची रेघ पुढच्या खांबावर चढते.

ही रीत कोठे तोकडी पडते?

१० सेंटिमीटर त्रिज्येचा चेंडू घ्या. १ मीटरवर त्याची त्रिज्या १०० बिंदू दिसते. त्याच्या पृष्ठभागावर स्तंभिका सावकाश वळते. अगदी काठाशीही एका बिंदूत सुमारे ८ अंश. ३० अंशांच्या मर्यादेत ते सहज बसते. पण तोच चेंडू २० मीटरवर गेला की त्रिज्या ५ बिंदू उरते, आणि काठाजवळ एका बिंदूत स्तंभिका सुमारे ३७ अंश वळते. चेंडूवर कड कोठेही नाही, तरी संगणक तेथे कड आहे असे समजून काठाला जाडसर काळी कडी घालतो. चेंडू आणखी दूर गेला की सगळा काळाच होतो. म्हणून स्तंभिकेवरून काढलेल्या रेघांची शाई बाह्यरेषेच्या आधीच पातळ करावी. मधल्या टप्प्यात फक्त बाह्यरेषा उरू द्यावी. दूरच्या डोंगराची आपणही बाहेरची रेघच काढतो, आतल्या घड्या नाही.

भिंतीला सपाट चिकटवलेला सूचनेचा कागद दोन्ही वह्यांना दिसत नाही. त्याचे अंतर भिंतीइतकेच, स्तंभिकाही भिंतीचीच. त्याच्याभोवती रेघ हवी असेल तर तिसरी वही लागते, आणि तिच्यात प्रत्येक वस्तूचा क्रमांक लिहावा लागतो. आणि जी वस्तू एका बिंदूहून बारीक दिसते, दूरच्या विजेच्या तारेसारखी, ती वह्यांतच कधी नोंदली जाते, कधी सुटते. तिच्या रेघेची शाई कितीही पातळ केली तरी ती तुटक येणार, कारण दोष रेघेत नसून नोंदीतच आहे.

करून पाहा

१. मैदानाच्या उदाहरणात क्षितिजाखाली ३०, ३१ आणि ३२ बिंदूंवर z काढा. शेजारच्या z मधले फरक समान आहेत का? नंतर १/z चा दुसरा फरक काढा.

२. तुम्ही पहिल्या मजल्यावर गेलात आणि डोळे जमिनीपासून ३ मीटर उंचीवर आले. ३० सेंटिमीटरच्या जुन्या नियमाने काळा पट्टा रुंद होईल की अरुंद? आधी अंदाज करा, मग गणित करा.

३. टाकी आणि भिंत यांच्यात ५० सेंटिमीटरची फट कायम ठेवून दोन्ही मागे सरकवत नेली, तर २ टक्क्यांच्या नियमाने टाकीची रेघ किती अंतरावर नाहीशी होईल?

४. ८ मीटरवरच्या रेघेची जाडी आणि ५० मीटरवरच्या रेघेची शाई २०/z या सूत्राने काढा.

उत्तरे : (१) ५०, ४८.३९ आणि ४६.८८ मीटर; z चे फरक १.६१ आणि १.५१ मीटर, म्हणजे असमान. १/z चा दुसरा फरक शून्य. (२) रुंद होईल. पट्टा आता ३० मीटरपुढे सुरू होतो खरा, पण पडद्यावर तो सुमारे ७० ऐवजी १०० ओळींचा होतो. (३) टाकी २४.५ मीटरवर आणि भिंत २५ मीटरवर असताना. (४) २.५ बिंदू; ०.४, म्हणजे दोन पंचमांश शाई.